गाडी विकली तरी कर्ज फिटत नाही तेव्हा: मुदतीआधी विक्री आणि अंगावर येणारी तूट



मागच्या व्हिडिओत आपण माल वाहतुकीची गाडी कर्जावर घ्यावी की भाड्याने चालवावी, हे बघितलं. त्यानंतर मारेगावहून एका तरुण भावाचा फोन आला. त्याचा प्रश्न घेणाऱ्याचा नव्हता, विकणाऱ्याचा होता. त्याने पिकअप घेऊन एक वर्ष झालं होतं. ज्या दुकानदाराचा माल तो वणीहून नियमित आणायचा, त्याने स्वतःची गाडी घेतली आणि याचं बांधील काम गेलं. कापसाचा हंगाम सुरू होता म्हणून गिऱ्हाईक पटकन मिळालं. 6,70,000 ला सौदा ठरला, 50,000 इसार हातात आला. मग तो फायनान्सवाल्याकडे कर्ज बंद करायला किती लागतील हे विचारायला गेला आणि तिथला आकडा ऐकून त्याने मला फोन लावला.

"सर, मले वाटलं दहा हजार घालावे लागतील. हे तर लाखाच्या घरात सांगून राहिले. आता इसार तर घेऊन बसलो."

आजचा लेख याच लाखाबद्दल आहे. तो कुठून आला, आधी कसा ओळखायचा आणि आलाच तर कसा भरायचा. त्या भावाचं नाव सांगत नाही, आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण पायऱ्या ह्याच राहतील. कागद-पेन घेऊन बसा.

आधी गाडीचा आणि कर्जाचा हिशोब

दिवाळी 2024 ला पिकअप घेतली. गाडीचं बिल 8,96,000. विमा, रोड टॅक्स, नोंदणी, ताडपत्री, लोखंडी जाळी वगैरे धरून रस्त्यावर येईपर्यंत 10,00,000 लागले. त्यातले 1,50,000 घरून भरले आणि 8,50,000 चं कर्ज काढलं. मुदत 60 महिने, व्याज 13 टक्के घटत्या शिलकीवर. हप्ता बसला 19,340 रुपये.

बारा हप्ते त्याने भरले. एक हप्ता चुकला होता, तो उशिरा भरला. आता त्याने डोक्यात केलेला हिशोब बघा: "साठातले बारा हप्ते फिटले, म्हणजे पाचवा हिस्सा फिटला. 8,50,000 चा पाचवा हिस्सा 1,70,000. राहिले 6,80,000. गाडी 6,70,000 ला जाते. म्हणजे पदरचे दहा हजार."

हा हिशोब आपल्यातले दहापैकी आठ जण असाच करतात. तो चुकतो कारण हप्ता दर महिन्याला सारखा असला तरी त्याच्या आतली वाटणी सारखी नसते. पहिल्या महिन्यात 8,50,000 वर एका महिन्याचं व्याज होतं साधारण 9,210 रुपये. म्हणजे 19,340 मधले 9,210 व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं फक्त 10,130. पुढच्या महिन्यात मुद्दल थोडं कमी, म्हणून व्याज थोडं कमी, म्हणून मुद्दल थोडं जास्त फिटतं. शेवटच्या वर्षात हप्त्यातला बहुतेक पैसा मुद्दलात जातो, पण पहिल्या वर्षात जवळजवळ अर्धा पैसा व्याजात जातो.

बारा हप्त्यांचे त्याने 2,32,080 रुपये भरले. त्यातले 1,03,000 च्या आसपास व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं साधारण 1,29,100. म्हणजे शिल्लक मुद्दल 6,80,000 नाही, तर 7,20,900. नुसत्या अंदाजात चाळीस हजारांची चूक इथेच झाली.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. गाडी घेताना शोरूममध्ये "फक्त सव्वासात टक्के फ्लॅट" असं सांगतात. आपल्या उदाहरणातला हाच हप्ता फ्लॅट भाषेत साधारण 7.3 टक्के होतो. ऐकायला स्वस्त वाटतं, पण आहे ते 13 टक्के घटत्या शिलकीचं कर्ज. कर्ज मध्येच बंद करताना शिल्लक मोजली जाते ती घटत्या शिलकीच्या तक्त्यावरून. फ्लॅट दर डोक्यात ठेवून शिल्लक काढली की ती नेहमी कमी दिसते.

शिल्लक मुद्दल आणि कर्ज बंद करायची रक्कम, हे दोन वेगळे आकडे आहेत

दुसरी चूक याहून महागाची. मोबाइलच्या ॲपमध्ये जी शिल्लक दिसते, ती बहुतेक वेळा नुसतं मुद्दल असते. पण गाडी विकायला तुम्हाला कर्ज पूर्ण बंद करावं लागतं, आणि बंद करायची रक्कम त्याहून जास्त असते. तिला फोरक्लोजर रक्कम म्हणतात. ती ॲपवरून गृहीत धरायची नाही. शाखेत लेखी अर्ज देऊन किंवा ग्राहक सेवेकडून फोरक्लोजर लेटर मागवायचं. त्या पत्रावर एक तारीख असते, त्या तारखेपर्यंतच तो आकडा चालतो.

आपल्या भावाच्या पत्रात काय होतं ते ओळीने बघू.

शिल्लक मुद्दल 7,20,900. शेवटच्या हप्त्यापासून कर्ज बंद करायच्या दिवसापर्यंत 18 दिवसांचं व्याज, रोजचे साधारण 257 रुपये, म्हणजे 4,600. मुदतीआधी बंद करायचा आकार शिल्लक मुद्दलाच्या 4 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, दोन्ही मिळून 34,000. आणि तो एक हप्ता बाउन्स झाला होता, त्याचा दंड 1,500. एकूण 7,61,000.

आता विक्रीची किंमत 6,70,000 यातून वजा करा. तूट आली 91,000. पण अजून थांबा. गाडीवर 3,500 चे ई-चलान बाकी होते, ते विकणाऱ्यानेच भरायचे ठरले. दलालाचा एक टक्का 6,700. आता एकूण तूट झाली 1,01,200.

त्याच्या डोक्यातला आकडा होता दहा हजार. कागदावरचा निघाला एक लाख एक हजार दोनशे. गाडी घेताना घरून भरलेले दीड लाख तर गेलेच, ते या हिशोबात धरलेलेही नाहीत.

सूत्र असं लक्षात ठेवा:

विक्री किंमत − फोरक्लोजर रक्कम − विक्रीचा खर्च = हातात येणारे पैसे. उत्तर उणे आलं, तर तेवढी तूट.

हे तीन आकडे लेखी हातात आल्याशिवाय कुणाकडून इसार घ्यायचा नाही. आपल्या भावाची खरी अडचण तूट नव्हती, तूट कळायच्या आधी दिलेला शब्द होता.

गाडीची किंमत कर्जापेक्षा लवकर का पडते

कर्ज पहिल्या वर्षात हळू कमी होतं, हे आपण बघितलं. गाडीची किंमत मात्र नेमकी पहिल्याच वर्षात सगळ्यात जास्त पडते. 10,00,000 मधले 1,04,000 विमा, टॅक्स, नोंदणी आणि जाळी-ताडपत्रीचे होते. घेणारा ते जवळपास मोजतच नाही. त्याच्या डोळ्यासमोर असतं एकच: नवी गाडी आज कितीला आहे, आणि जुनीत मला किती वाचतात.

आणि इथे आपल्या भावाला आणखी एक फटका बसला, ज्यात त्याची काहीच चूक नव्हती. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. त्याच्या गाडीची करापूर्वीची किंमत 7,00,000 होती. 28 टक्क्यांनी बिल झालं 8,96,000. तीच गाडी 18 टक्क्यांनी 8,26,000 ला बसते. नव्या गाडीत एका दिवसात 70,000 चा फरक. घेणाऱ्यासाठी ही चांगली बातमी, पण ज्याने वर्षभर आधी घेतली त्याच्यासाठी वाईट. कारण जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. नवी स्वस्त झाली की जुनीला ओढावंच लागतं. आणि कर्ज? ते जुन्या भावावर काढलेलं, त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

गाडीचा भाव कर कमी झाल्याने पडू शकतो, नवं मॉडेल आल्याने पडू शकतो, अपघात झाल्याने पडू शकतो. कर्जाचा तक्ता यातलं काहीच बघत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं जवळपास प्रत्येक कमी डाऊन पेमेंटवाला कर्जदार तुटीत असतो. फक्त विकायची वेळ येत नाही तोपर्यंत ते कुणाला दिसत नाही.

थांबलो तर तूट कमी होईल का?

भावाने मला हाच प्रश्न विचारला. "सर, सहा महिने थांबलो तर?"

खालचा तक्ता बघा. शिल्लक मुद्दल हे हप्त्याच्या गणितातून आलेलं आहे. बंद करायच्या रकमेत 4 टक्के आकार आणि त्यावरचा जीएसटी धरला आहे, मधल्या दिवसांचं व्याज आणि दंड धरलेला नाही. विक्री किंमत हा माझा अंदाज आहे. तुमच्या गाडीसाठी तिथे बाजारात विचारून मिळालेला भाव टाका.

| भरलेले हप्ते | शिल्लक मुद्दल | बंद करायची रक्कम | अंदाजे विक्री किंमत | फरक |
|---|---|---|---|---|
| 12 | 7,20,900 | 7,54,900 | 6,70,000 | तूट 84,900 |
| 18 | 6,49,800 | 6,80,500 | 6,20,000 | तूट 60,500 |
| 24 | 5,74,000 | 6,01,100 | 5,75,000 | तूट 26,100 |
| 30 | 4,93,100 | 5,16,400 | 5,35,000 | हातात 18,600 |

म्हणजे तूट कमी होते हे खरं. अडीच वर्षांच्या आसपास ती मिटते. पण घाईने "थांबू या" म्हणू नका. बारा ते अठरा हप्त्यांच्या मधल्या सहा महिन्यांत तूट 24,400 ने कमी झाली. त्यासाठी भरावे लागले सहा हप्ते, म्हणजे 1,16,040 रुपये. हे हप्ते गाडीने कमावून दिले तर थांबणं फायद्याचं. गाडी दारात उभी राहून हप्ते घरातून गेले, तर 24,400 वाचवायला तुम्ही सव्वा लाखाच्या जवळपास घातले.

म्हणून थांबायचं की विकायचं हे भाव किती उतरेल यावर ठरत नाही. गाडी महिन्याला डिझेल, टायर, देखभाल आणि ड्रायव्हर सोडून किती उरवते, यावर ठरतं. उरत असलेली रक्कम हप्त्याच्या वर असेल तर थांबा. हप्त्याच्या खाली असेल तर प्रत्येक महिन्याला ती तफावत तुम्ही खिशातून भरताय, ती तुटीतल्या बचतीतून वजा करा आणि मग बघा.

आपल्या भागात यात हंगामाचाही वाटा असतो. कापूस जिनिंगला जायच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पिकअपला काम असतं आणि गिऱ्हाईकही असतं. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही कमी होतं. आपल्या भावाकडे नियमित काम गेलं होतं, पण हंगाम हातात होता. मी त्याला म्हणालो, हंगामाच्या भाड्यातून हप्ते निघत असतील तर फेब्रुवारीपर्यंत चालव. पण जून-जुलैचे हप्ते भरायला काहीच दिसत नसेल, तर गिऱ्हाईक समोर असताना तूट स्वीकारून मोकळा हो. त्याने हिशोब केला, पावसाळ्याचं काम दिसेना, आणि त्याने विकायचंच ठरवलं.

तूट भरायची कशी

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. तूट नंतर बघू, असं चालत नाही. तुमच्या आरसीवर फायनान्सवाल्याचा बोजा चढलेला आहे, ज्याला आपण एचपी म्हणतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 51 प्रमाणे, बोजा असलेली गाडी फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आणि पूर्ण रक्कम खात्यात पडल्याशिवाय तो एनओसी देत नाही. म्हणजे 91,000 ची सोय आधी, गाडीचं नाव नंतर.

पहिलं काम, तूट लहान करता येते का ते बघा. 34,000 चा फोरक्लोजर आकार हा सगळ्यात मोठा तुकडा आहे, आणि तो खरंच लागू आहे का हे तपासायचा तुम्हाला हक्क आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक ठळक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्याला बँकेत केएफएस म्हणतात. त्यात सगळे आकार लिहिलेले असतात. जो आकार त्यात नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आपल्या भावाच्या पत्रकात 4 टक्के लिहिलेले होते, त्यामुळे तो वाद संपला. पण तुमचं पत्रक काढून बघा.

दुसरा नियम असा: 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या व्यक्तींना आणि लहान व्यावसायिकांना मुदतीआधी फेडण्याचा आकार लावू शकत नाहीत. लहान संस्थांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत. पण गाडीची कर्जं बहुतेक स्थिर व्याजदराची असतात, त्यांना हा नियम लागत नाही. म्हणून नवं कर्ज घेताना दर स्थिर आहे की बदलता, हे विचारून घ्या. जुन्या कर्जात शाखा व्यवस्थापकाला लेखी विनंती करून आकारात सूट मागता येते. मिळेलच असं नाही, पण मागायला पैसे लागत नाहीत. आपल्या भावाला दंडाचे 1,500 माफ झाले, आकार माफ झाला नाही.

दुसरं काम, उरलेल्या तुटीला पैसा उभा करा. घरात बाजूला ठेवलेले असतील तर तेच वापरा. नसतील तर छोटं कर्ज घ्यावं लागेल, बचत गटाचं, पतसंस्थेचं किंवा सोन्यावरचं. एक लाखाचं कर्ज गाडीशिवाय फेडायचं आहे, हे विसरू नका. ते कशातून फिटणार, ते काम किंवा पगार आधी दाखवता आला पाहिजे. आपल्या भावाने काही पैसे घरातून आणि काही सोन्यावर उभे केले, आणि महिन्याभरात दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

तिसरा मार्ग एजंट स्वतःहून सुचवेल: "भाऊ, टेन्शन नको घेऊ, ही तूट नव्या गाडीच्या कर्जात टाकू." याच्यापासून लांब राहा. समजा नव्या गाडीला 8,00,000 कर्ज मिळतं आणि त्यात ही एक लाखाची तूट घातली, तर तुम्ही 8,00,000 च्या गाडीवर 9,00,000 चं कर्ज घेऊन निघालात. पहिल्या किलोमीटरलाच मागच्यापेक्षा मोठ्या तुटीत. शिवाय मेलेल्या गाडीच्या तुटीवर पुढची पाच वर्षं व्याज.

"हप्ते तू भर, गाडी तू वापर"

तूट भरायला पैसे नसले की गावात एक सोपा उपाय सांगितला जातो. गाडी घेणाऱ्याच्या ताब्यात द्यायची, थोडे पैसे रोख घ्यायचे, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचं की पुढचे हप्ते तो भरेल. तूट दिसत नाही, दोघेही खूश. हा उपाय सगळ्यात धोक्याचा आहे.

कारण कर्ज तुमच्या नावावर आहे. त्याने दोन हप्ते चुकवले तर सिबिल तुमचं पडतं, वसुलीवाला तुमच्या दारात येतो. स्टॅम्पवरच्या करारात फायनान्सवाल्याची सही नाही, त्यामुळे तो फायनान्सवाल्याला लागू होत नाही. आणि गाडी आरटीओत तुमच्याच नावावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं की, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक मानला जातो आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी गेली होती, आणि जबाबदार धरला गेला तो नोंदणीतला पहिला मालक. एक लाखाची तूट लपवायला तुम्ही किती लाखांची जोखीम अंगावर घेताय, ते आता तुम्हीच बघा.

गाडी फायनान्सवाल्याला परत करून टाकू, म्हणजे सुटलो, असंही काही जणांना वाटतं. फायनान्सवाला ती लिलावात विकतो, आणि लिलावाचा भाव बाजारापेक्षा कमीच येतो. कर्जातून तेवढी रक्कम वजा होते, उरलेली बाकी तुमच्याच नावावर राहते. म्हणजे तूट मिटत नाही, वाढते.

पैसे आणि कागद, कोणत्या क्रमाने

घेणाऱ्याला भीती असते की मी 6,70,000 दिले आणि एनओसी आली नाही तर? विकणाऱ्याला भीती असते की मी तूट भरून कर्ज बंद केलं आणि हा मागे फिरला तर? दोघांची भीती रास्त आहे. तोडगा हा की घेणाऱ्याचे पैसे विकणाऱ्याच्या हातात जातच नाहीत.

आपल्या भावाने शेवटी असं केलं. इसाराचे 50,000 लिहून घेतलेल्या पावतीत फोरक्लोजर रक्कम, तिची तारीख आणि तूट कोण भरणार हे सगळं नमूद केलं. ठरलेल्या दिवशी दोघे मिळून फायनान्सवाल्याच्या शाखेत गेले. घेणाऱ्याने उरलेले 6,20,000 थेट कर्ज खात्यात भरले, कर्ज खाते क्रमांक लिहून. भावाने इसाराचे 50,000 आणि आपली तूट त्याच खात्यात त्याच दिवशी भरली. दोघांनी पावत्या घेतल्या. घेणारा स्वतः कर्ज काढणार असता, तर त्याच्या नव्या फायनान्सवाल्याने जुन्याला थेट रक्कम दिली असती. तेही चालतं.

काही दिवसांनी एनओसी आणि फॉर्म 35 आला. फॉर्म 35 म्हणजे बोजा संपल्याची सूचना, त्यावर फायनान्सवाल्याची आणि मालकाची दोघांची सही लागते. तो यवतमाळच्या आरटीओत, म्हणजे आपल्या एमएच-29 कडे, परिवहन पोर्टलवर अर्ज करून लावायचा. एचपी उतरवणं आणि नाव बदलणं एकत्रच करता येतं. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, सोबत चालू विमा, पीयूसी आणि मालवाहू गाडी असल्याने फिटनेस. घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल, उदाहरणार्थ चंद्रपूरचा किंवा सीमेपलीकडे आदिलाबादचा, तर फॉर्म 28 ची ना-हरकतही लागते. आदिलाबाद म्हणजे दुसरं राज्य, तिथे टॅक्सचा वेगळा खर्च येतो. तो कोण भरणार हे आधी ठरवा.

आणि आरसीवर नवं नाव आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. गाडीची चावी देण्याची तारीख आणि वेळ पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. महिनाभराने सिबिल काढून ते कर्ज बंद दिसतंय का तेही बघा.

हीच गाडी, एक लाख जास्त भरून

शेवटी घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. आपल्या भावाने सुरुवातीला 1,50,000 ऐवजी 2,50,000 भरले असते, तर कर्ज 7,50,000 झालं असतं. बारा हप्त्यांनंतर शिल्लक मुद्दल 6,36,100, आणि आकार-जीएसटीसकट बंद करायची रक्कम 6,66,100. गाडीचा भाव 6,70,000. म्हणजे विक्री झाल्या दिवशी तो जवळपास बरोबरीत सुटला असता, इसार घेऊन बसायची वेळ आली नसती.

एक लाख दोन्ही वेळा त्याच्याच खिशातून गेला, हे खरं. पण पहिल्या वेळी तो हिशोबाने, व्याज वाचवत गेला असता. दुसऱ्या वेळी तो सोनं गहाण ठेवून, दोन दिवसांत उभा करावा लागला.

आज एक काम करा. तुमच्या चालू कर्जाचा परतफेड तक्ता काढा, आज शिल्लक मुद्दल किती ते बघा, त्यात केएफएसमधला फोरक्लोजर आकार आणि त्यावरचा जीएसटी मिळवा. मग वणी किंवा पांढरकवड्याच्या दोन दलालांना तुमच्या गाडीचा भाव विचारा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. गाडी विकायची नसली तरीही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.